वार्षिक अहवालाच्या फोटोंवरून एका पानाचा आर्थिक सारांश: प्रकल्प नोंदी, नागपूर, मे २०२५

कामाचं स्वरूप

हिंगणा एमआयडीसीतल्या एका पुरवठादाराला त्याच्या ग्राहक कंपनीची उधारीची मर्यादा वाढवून द्यायची की नाही हे ठरवायचं होतं. ग्राहक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, पॅकिंगचा माल बनवते. तिचे २०२०-२१, २०२१-२२ आणि २०२२-२३ चे छापील अहवाल एका भागधारकाकडे होते. त्यांनी फोटो काढू दिले, पण अहवाल घराबाहेर नेऊ दिले नाहीत. त्या फोटोंवरून एका पानाचा सारांश करायचा आणि वर्षागणिक तुलना द्यायची, एवढं काम. कंपनीचं नाव इथे देत नाही आणि रकमाही बदलल्या आहेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच लिहिल्या आहेत.

कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कोणत्याही कंपनीची जाहीर कागदपत्रं बघता येतात. पण लहान कंपन्यांची तिथली पत्रकंही बरेचदा स्कॅन केलेलीच असतात. त्यामुळे खाली दिलेली आकडे तपासायची पद्धत तिथेही तशीच लागेल.

५ मे: फोटो, पहिला प्रयत्न वाया

प्रत्येक अहवालाची तीन पानं घेतली: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक. नऊ फोटो, वीस मिनिटं. त्यातले पाच निरुपयोगी निघाले.

पहिलं कारण आर्ट पेपर. कागद चकचकीत आणि वर ट्यूबलाइट, त्यामुळे पानाच्या मधोमध पांढरा पट्टा आला आणि तो नेमका चालू वर्षाच्या रकान्यावर पडला. दुसरं कारण कूलर. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून काम होत नाही, आणि त्याच्या दमट हवेनं पानं तासाभरात लाटांसारखी वळतात. पान वळलं की आकड्यांची ओळ तिरपी होते. मग फोटोतली अक्षरं ओळखणारं ओसीआर डावीकडचं शीर्षक एका ओळीत वाचतं आणि उजवीकडची रक्कम खालच्या ओळीला जोडतं.

तिसरी चूक आमचीच. वेळ वाचावा म्हणून दोन फोटोंत समोरासमोरची दोन पानं एकत्र घेतली होती. फोनचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. ए-फोर पान फ्रेमभर घेतलं, तर ४००० पिक्सेल पानाच्या ११.७ इंच उंचीवर पडतात, म्हणजे इंचाला साधारण ३४०. दोन पानं मिळून रुंदी साडेसोळा इंच होते आणि इंचाला जेमतेम २४० उरतात. अहवालातले आकडे आठ पॉइंटचे असतात. दोन पानांच्या फोटोत त्यांची उंची एकोणीस पिक्सेलच्या आसपास येते आणि तिथे ३ आणि ८, ५ आणि ६ यांत गोंधळ सुरू होतो. एका फोटोत एकच पान, फ्रेमभर.

त्यात भर म्हणजे उरलेले चार फोटो मेसेजिंग ॲपवरून फोटो म्हणून पाठवले गेले. ॲपनं ते १६०० पिक्सेलवर आणले. म्हणजे इंचाला १३७, त्यावर काहीच होत नाही. मूळ फोटो फोनमध्ये होते म्हणून वाचलो. दुसऱ्या वेळेपासून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले.

७ मे: दुसरी फेरी, ४२ फोटो

बर्डीच्या बाजारातून ए-फोरपेक्षा थोडी मोठी, चार मिलीमीटर जाडीची साधी काच कापून आणली, कडा घासून घेतल्या. ₹२८०. काचेनं पान सपाट बसतं. काचेवरही चमक येते, पण प्रकाश वरून न घेता दोन बाजूंनी तिरपा घेतला की ती कॅमेऱ्यात येत नाही. दोन टेबललॅम्प पानाच्या डाव्या-उजव्या बाजूला साधारण ४५ अंशांत ठेवले आणि वरची ट्यूब बंद केली. लॅम्प घरातलेच. फोन पुस्तकांच्या दोन चळतींवर आडव्या पट्टीला बांधला. हातात धरून काढलेल्या फोटोत पान हमखास खाली रुंद आणि वर अरुंद येतं, ते इथे टळलं.

या वेळी पानांची यादी आधी केली. नुसत्या तीन पत्रकांवर सारांश होत नाही. दर अहवालातून चौदा पानं घेतली, त्यांत ही होती: लेखापरीक्षकांच्या अहवालातलं मताचं पान, तीन पत्रकं, महत्त्वाच्या लेखा धोरणांचं पहिलं पान, आणि टिपांपैकी दीर्घ मुदतीचं कर्ज, अल्प मुदतीचं कर्ज, पुरवठादारांची देणी, इतर चालू देणी, संभाव्य देणी, गुणोत्तरं आणि 'मागील वर्षाचे आकडे पुन्हा गटवारी केले आहेत' असं सांगणारी शेवटची टीप. २०२०-२१ च्या अहवालात गुणोत्तरांची टीप नव्हती, तिथे भागभांडवलाची टीप घेतली. गटवारीची ही शेवटची, बहुतेक एका ओळीची टीपच पुढे सगळ्यात जास्त कामाला आली. पहिल्या फेरीत ती घेतलीच नव्हती.

फाइलींना वर्ष आणि छापील पान क्रमांक दिला, उदाहरणार्थ `2023_p041.jpg`. आकडा तपासायला परत जायचं झालं की फोटो लगेच सापडतो.

वेळ: सव्वा दोन तास.

८ मे: फोटोतून मजकूर

राखाडी करणं, सावली काढणं आणि तिरपेपणा काढणं इमेजमॅजिकच्या एकाच आज्ञेत होतं. त्यानंतर टेसरॅक्ट हे ओसीआर.

```
magick 2023_p041.jpg -auto-orient -colorspace Gray \
  \( +clone -blur 0x20 \) -compose Divide_Src -composite \
  -deskew 40% 2023_p041.png
tesseract 2023_p041.png 2023_p041 -l eng --psm 6 \
  -c preserve_interword_spaces=1
```

`--psm 6` म्हणजे पान हा मजकुराचा एकच सलग ठोकळा समजायचा. आधी हा पर्याय न देता चालवलं, तर टेसरॅक्टनं रकाने वेगळे ओळखले. आधी सगळी शीर्षकं, मग सगळे चालू वर्षाचे आकडे, मग मागील वर्षाचे, अशी फाइल आली. कोणता आकडा कशाचा हे कळायला मार्ग नाही. अडीच तास त्यावर गेले, `6` दिल्यावर पाच मिनिटांत सुटलं.

२०२२-२३ च्या नफा-तोटा पत्रकातला खर्चाचा भाग असा मिळाला:

```
Cost of materials consumed     22   3,818.60   3,184.25
Changes in inventories         23      42.30      36.15
Employee benefits expense      24     486.90     441.70
Finance costs                  25     168.35     142.60
Depreciation and amortisation  10     151.20     146.85
Other expenses                 26     748.65     583.40
Total expenses                      4,831.40   4,534.95
```

दिसायला एकदम स्वच्छ. डावीकडचे २२, २३ हे टीप क्रमांक आहेत. काही पानांवर ते रकमेला चिकटून आले, म्हणून पुढच्या पानांवर तो रकाना फोटोतूनच कापून टाकला.

९ मे: ताळा

वर दिलेल्या सहा ओळींत दोन चुका आहेत आणि नुसतं बघून त्या कळत नाहीत. प्रत्येक पत्रकात छापील बेरजा असतात. आम्ही प्रत्येक बेरीज स्वतः करून तिच्यातून छापील बेरीज वजा केली:

```
=ROUND(SUM(C6:C11)-C12,2)
```

मागील वर्षाच्या रकान्यात शून्य आलं. चालू वर्षात आमची बेरीज ५,४१६.००, छापील ४,८३१.४०, फरक ५८४.६० लाख.

फरकाच्या आकड्यावरूनच चुकीचा प्रकार बरेचदा ओळखता येतो. एकच अंक चुकीचा वाचला गेला असेल, तर फरकात एकच अंक असतो आणि पुढे शून्यं: ५००, ३०, ०.०५ असा. ३ आणि ८ च्या गोंधळात तो नेहमी ५ असतो. कंस हरवला असेल, तर ऋण रक्कम धन होते आणि फरक त्या रकमेच्या बरोबर दुप्पट येतो. हातानं टाइप करताना दोन अंक उलटसुलट झाले, तर फरकाला नऊनं पूर्ण भाग जातो. ही शेवटची युक्ती जुन्या हिशेबनिसांची. वह्यांचा जमाना गेला तरी ती तितकीच उपयोगी आहे.

५८४.६० यातल्या कोणत्याच साच्यात बसत नव्हता, कारण दोन चुका एकमेकींत मिसळल्या होत्या. निम्मे केले तर २९२.३०, अशी रक्कम यादीत नाही. म्हणून आधी ५०० बाजूला काढले. शंभराच्या स्थानी ८ असलेली मोठी रक्कम एकच, कच्च्या मालाची ३,८१८.६०. फोटो दोनशे टक्के मोठा करून बघितला, तिथे ३,३१८.६० होतं. दुसऱ्या ३ ची डावी बाजू शाईनं थोडी बुजलेली. आता उरले ८४.६०, त्याचे निम्मे ४२.३०, आणि ही रक्कम साठ्यातल्या बदलाच्या ओळीवर उभी. फोटोत तिथे (४२.३०) असा कंस स्पष्ट होता, ओसीआरनं तो गाळला.

हा कंस हरवणं साधी बाब नाही. साठ्यातल्या बदलाच्या ओळीत कंस असला, तर वर्षाअखेर तयार मालाचा साठा वाढला आणि तेवढा खर्च कमी झाला असा अर्थ होतो. कंस नसला तर नेमकं उलट. मागील वर्षी ३६.१५ ला कंस नव्हता, म्हणजे तेव्हा साठा घटला होता. दोन्ही वर्षं धन दिसली असती, तर साठा सलग घटतोय असा निष्कर्ष सारांशात गेला असता.

दुरुस्त्या करताना पगाराची रक्कम ४८६.९० ऐवजी ४६८.९० टाइप झाली. फरक १८.००, नऊनं भाग जातो, लगेच सापडली.

ताळेबंदात वेगळंच निघालं. २०२२-२३ च्या रकान्यात मालमत्तेची आमची बेरीज छापीलपेक्षा ६४.२० नं जास्त आणि मागील वर्षाच्या रकान्यात बरोबर ६४.२० नं कमी. दोन रकान्यांत सारखीच रक्कम विरुद्ध दिशेनं चुकली, की रक्कम एका रकान्यातून दुसऱ्यात सरकली असं समजायचं. 'कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस' या ओळीत चालू वर्षी काहीच नव्हतं, तिथे छोटी आडवी रेघ छापलेली. रेघ ओसीआरला दिसली नाही, ओळीत एकच आकडा उरला आणि तो पहिल्या रकान्यात जाऊन बसला. बांधकाम पूर्ण होऊन यंत्रं चालू झाली होती आणि आमच्या तक्त्यात ते अजून अपूर्ण दिसत होतं. त्यानंतर फोटोतली प्रत्येक रेघ आम्ही हातानं ० लिहून भरली.

ज्या आकड्यांची कुठेच बेरीज होत नाही, त्यांना हा ताळा लागू पडत नाही. संभाव्य देण्यांची टीप त्यातलीच. ती एकानं फोटोतून मोठ्यानं वाचली, दुसऱ्यानं तक्त्यावर टिक केली, मग अदलाबदल करून पुन्हा. प्रतिशेअर उत्पन्न मात्र तपासता येतं: २०२२-२३ चा करोत्तर नफा २४७.६५ लाख, शेअर २५ लाख, भागाकार ९.९१, छापील आकडाही ९.९१.

वेळ: पाच तास. तिन्ही अहवालांत मिळून अकरा चुका सापडल्या. सगळ्या बेरजांवरून. नुसतं वाचून एकही नाही.

१० मे: एकक बदललं

२०२०-२१ च्या अहवालात उलाढाल ३८,४६,२१,३५० अशी पूर्ण रुपयांत आहे. पुढच्या अहवालात तीच ३,८४६.२१, वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रुपये लाखांत'.

यामागे नियमातला बदल आहे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२१ पासून लागू. त्याआधी आकडे शेकडा, हजार, लाख असे पूर्णांकित करणं ऐच्छिक होतं, नंतर ते बंधनकारक झालं. म्हणून बऱ्याच लहान कंपन्यांचे २०२०-२१ आणि २०२१-२२ चे अहवाल वेगवेगळ्या एककांत सापडतील.

आमची चूक अशी की एककाची ओळ फोटोच्या कडेला कापली गेली होती. पुरवठादारांच्या देण्यांची टीप कुठल्या एककात आहे हे ठरवायला पत्रकाशी ताडून बघावं लागलं. आता तक्त्यात दर रकान्याच्या डोक्यावर अहवाल, पान क्रमांक आणि एकक अशा तीन गोष्टी लिहिल्याशिवाय पहिला आकडा भरत नाही.

रुपयांचे आकडे कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये पेस्ट करताना एक धोका आहे. ओसीआरनं एखादा स्वल्पविराम टिंब म्हणून वाचला, तर `38,46,21.350` सारखी नोंद होते. कॅल्क तिला संख्या न समजता मजकूर समजू शकतं, आणि `SUM` मजकुराच्या चौकटी काही न सांगता सोडून देतं. डावीकडे चिकटलेला आकडा दिसला की तो मजकूर आहे असं समजावं.

१२ मे: कर्जाची तुलना चुकली, इथे खरा वेळ गेला

तीन वर्षांचं एकूण कर्ज काढायला प्रत्येक अहवालाच्या चालू वर्षाच्या रकान्यातून आकडे घेतले. सरळ वाटतं: २०२०-२१ चा आकडा २०२०-२१ च्या अहवालातून, २०२१-२२ चा त्या अहवालातून.

२०२०-२१: दीर्घ मुदतीचं ६१२.४०, अल्प मुदतीचं ३८६.७५, एकूण ९९९.१५ लाख.
२०२१-२२: दीर्घ मुदतीचं ५४८.६०, अल्प मुदतीचं ५६१.३०, एकूण १,१०९.९० लाख.

वाढ ११.१ टक्के. सारांशाच्या पहिल्या मसुद्यात 'कर्ज अकरा टक्क्यांनी वाढलं' असं लिहूनही झालं होतं.

शंका आली ती गुणोत्तरांच्या टिपेवरून. त्याच दुरुस्तीनं अकरा गुणोत्तरं दोन वर्षांच्या आकड्यांसह टिपांत द्यायची अट आली, आणि एखादं पंचवीस टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही द्यावं लागतं. २०२१-२२ च्या अहवालात कर्ज-भांडवल गुणोत्तर ०.९५ आणि मागील वर्षी १.०९ छापलेलं होतं. मागील वर्षीचा भागधारकांचा निधी १,०२४.३०. आमचं ९९९.१५ भागिले १,०२४.३० केलं तर ०.९८ येतं, १.०९ नाही. कंपनीच्या हिशेबानं गुणोत्तर सुधारलं होतं, आमच्या हिशेबानं जवळपास जागच्या जागी.

मग २०२१-२२ च्या अहवालातला मागील वर्षाचा रकाना बघितला. तिथे २०२०-२१ चं अल्प मुदतीचं कर्ज ३८६.७५ नसून ५०४.९५ होतं. तेच वर्ष, तीच कंपनी, तोच ३१ मार्च २०२१, आणि ११८.२० लाखांचा फरक.

ही रक्कम जुन्या अहवालात 'इतर चालू देणी' या टिपेत सापडली: दीर्घ मुदतीच्या कर्जाचे पुढच्या बारा महिन्यांत फेडायचे हप्ते, ११८.२० लाख. जुन्या नमुन्यात हे हप्ते इतर चालू देण्यांत दाखवले जात. दुरुस्तीनंतर ते अल्प मुदतीच्या कर्जाखाली वेगळे दाखवायचे. कंपनीनं नवीन अहवालात मागील वर्षाचा रकानाही नव्या गटवारीत बसवला आणि शेवटच्या टिपेत एका वाक्यात तसं सांगितलं. आम्ही मात्र एका वर्षाची रक्कम हप्ते वगळून आणि दुसऱ्याची हप्ते धरून घेतली होती.

दुरुस्त आकडा: २०२०-२१ चं एकूण कर्ज ६१२.४० अधिक ५०४.९५, म्हणजे १,११७.३५. त्याला १,०२४.३० नं भागलं की १.०९, छापील गुणोत्तराशी जुळलं. २०२१-२२ मध्ये ते १,१०९.९० वर आलं. म्हणजे कर्ज अकरा टक्क्यांनी वाढलं नव्हतं, ७.४५ लाखांनी घटलं होतं.

एवढ्यावर न थांबता रोख प्रवाह पत्रकाशीही ताडून पाहिलं, कारण गुणोत्तर कंपनीनंच काढलेलं असतं. २०२१-२२ मध्ये दीर्घ मुदतीच्या कर्जाची निव्वळ परतफेड ५५.५० आणि अल्प मुदतीच्या कर्जात वाढ ४८.०५. दोन्ही मिळून उणे ७.४५. आता शंका उरली नाही.

यावरून कामाचा नियम ठरला आणि तक्ता पूर्ण पुन्हा बांधला. कोणत्याही दोन वर्षांची तुलना करायची ती नंतरच्या वर्षाच्या अहवालातल्या दोन रकान्यांतच करायची. २०२१-२२ ची २०२०-२१ शी तुलना २०२१-२२ च्या अहवालातून, २०२२-२३ ची २०२१-२२ शी तुलना २०२२-२३ च्या अहवालातून. प्रत्येक अहवाल दोन वर्षं एकाच मापानं मोजलेली देतो. चालू रकान्यांची साखळी जोडली, की मध्येच माप बदलू शकतं.

आणि प्रत्येक मधल्या वर्षासाठी एक जोडतपासणी लावली: जुन्या अहवालातला चालू आकडा वजा नव्या अहवालातला मागील आकडा. शून्य आला तर ठीक. नाही आला तर शेवटच्या टिपेत कारण शोधायचं, ते सापडेपर्यंत तो आकडा सारांशात घ्यायचा नाही. २०२१-२२ च्या बाबतीत सगळ्या ओळी शून्य आल्या. २०२०-२१ मध्ये तीन ओळी आल्या नाहीत: अल्प मुदतीचं कर्ज, इतर चालू देणी, आणि कर्जाऊ रकमांतून इतर मालमत्तेत गेलेल्या सुरक्षा ठेवी. पहिल्या दोन ओळींत अधिक ११८.२० आणि उणे ११८.२०, म्हणजे एकूण देण्यांत फरक नाही. म्हणूनच ताळेबंदाची बेरीज जुळत होती आणि ९ मेच्या ताळ्यात ही चूक दिसली नाही.

वेळ: शोधायला चार तास, तक्ता पुन्हा बांधायला दोन.

१३ मे: सारांश

पुरवठादारांची देणी काढताना शेवटचा अडथळा आला. ती दोन ओळींत असतात, सूक्ष्म आणि लघु उद्योगांची एक आणि बाकीच्यांची दुसरी. दोन्ही शीर्षकं इतकी लांब की तीन-तीन ओळींत मोडतात आणि रक्कम शेवटच्या ओळीसमोर येते. ओसीआरनं पहिली रक्कम शीर्षकापासून तोडली होती आणि तक्त्यात फक्त दुसरी गेली. २०२२-२३ ची खरी बेरीज ८८.२० अधिक ७८६.४०, म्हणजे ८७४.६०.

अंतिम तक्ता, दोन्ही वर्षं २०२२-२३ च्या अहवालातून, रुपये लाखांत:

| बाब | २०२१-२२ | २०२२-२३ | बदल |
|---|---|---|---|
| उलाढाल | ४,७१२.८५ | ५,१३६.४० | ९.०% |
| व्याज, घसारा आणि कराआधीचा नफा | ४६७.३५ | ६२४.५५ | ३३.६% |
| करोत्तर नफा | १४६.२५ | २४७.६५ | ६९.३% |
| एकूण कर्ज | १,१०९.९० | १,३९१.४५ | २५.४% |
| पुरवठादारांची देणी | ६१२.३५ | ८७४.६० | ४२.८% |
| देणी, कच्च्या मालाच्या खर्चाच्या दिवसांत | ७० | ९६ | २६ दिवस |

दुसरी ओळ पत्रकात छापलेली नसते. ती करपूर्व नफ्यात व्याज आणि घसारा मिळवून, त्यातून इतर उत्पन्न वजा करून काढली आहे: ३३१.७५ अधिक १६८.३५ अधिक १५१.२० वजा २६.७५. इतर उत्पन्न वगळलं, कारण ठेवींवरचं व्याज किंवा यंत्रविक्रीचा नफा धंद्याची ताकद दाखवत नाही. काहीजण ते धरतात. काहीही करा, पण सूत्र तक्त्याखाली लिहा.

२०२०-२१ मध्ये कंपनीला १८.३५ लाखांचा तोटा होता. नेहमीच्या सूत्रानं २०२१-२२ च्या नफ्याची 'वाढ' उणे ८९७ टक्के येते, तोट्यातून नफ्यात आलेल्या कंपनीसाठी. म्हणून पाया शून्य किंवा ऋण असेल तिथे टक्केवारी न काढता 'तोट्यातून नफा' एवढंच लिहिलं:

```
=IF(C14<=0,"तोट्यातून नफा",(B14-C14)/C14)
```

दिवसांच्या ओळीबद्दल एक मर्यादा सारांशावरच छापली. खरं तर देणी खरेदीशी ताडायला हवीत, आणि देण्यांत कच्च्या मालाखेरीज वाहतूकदार, दुरुस्तीवाले हेही असतात. आम्ही पत्रकावर सरळ मिळणारा कच्च्या मालाचा खर्च घेतला. त्यामुळे ९६ हा आकडा नेमका धरू नये. दोन्ही वर्षं एकाच पद्धतीनं काढली आहेत म्हणून २६ दिवसांची वाढ मात्र विचारात घेण्यासारखी आहे.

ज्याला माल उधार द्यायचा आहे, त्यानं नफ्याच्या ६९ टक्क्यांच्या शेजारी हीच ओळ ठेवून बघायची. नफा वाढण्याचं मुख्य कारण कच्चा माल: साठ्यातला बदल धरून तो उलाढालीच्या ६८.३ टक्क्यांवरून ६३.८ वर आला. इतर खर्च मात्र १२.४ वरून १४.६ टक्क्यांवर गेले. आणि त्याच वर्षी कर्ज २८१.५५ लाखांनी, पुरवठादारांची देणी २६२.२५ लाखांनी वाढली. सारांशात हे असंच चार वाक्यांत दिलं, उधारी द्यावी की नाही हे लिहिलं नाही. ते पुरवठादारानं ठरवायचं.

एकूण हिशेब

काच ₹२८०, दुसऱ्या फेरीचं पेट्रोल ₹१२०, सारांशाच्या रंगीत प्रिंट ₹६०. सॉफ्टवेअर सगळं मोफत. वेळ अंदाजे एकवीस तास, त्यातले निदान नऊ आधी टाळता आले असते: पहिल्या फेरीचे फोटो, `--psm` शोधणं आणि कर्जाची चुकीची साखळी.

इतर खर्चांची टीप फोटोंच्या यादीत नव्हती. ते १६५.२५ लाखांनी का वाढले, वीज, वाहतूक की बुडीत उधारी, हे सांगता आलं नाही, आणि तसं सारांशावर लिहून दिलं. ती टीप यादीत पंधरावं पान म्हणून घातली आहे. भागधारकाकडे तिन्ही अहवाल अजून आहेत, तेवढे तीन फोटो काढायला पुढच्या आठवड्यात जायचं आहे.